मुलांसोबत लांबचा प्रवास आणि गाणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं माहेर-सासर पुणे आणि रत्नागिरी असं वाटलेलं आहे. त्यामुळे कराड-आंबा घाट मार्गे तीनशेच्या वर किलोमीटर वर्षातून दोन-तीनदा होतात. मागच्या सीटवर सहा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. थांबे धरून आठ तास सहज जातात. या आठ तासांत काय गायचं, काय लावायचं आणि काय अजिबात लावायचं नाही, हे ओळखीतले आई-बाबा विचारत असतात. त्यांचे प्रश्न आणि आमची उत्तरं एकत्र करून ठेवली आहेत.

मुलांची गाणी लावली की अर्ध्या तासात डोकं का उठतं? गाणी वाईट असतात का?

काही असतात. एकाच पट्टीतला चिरका आवाज, कीबोर्डवरचा तोच ठेका, दोन मिनिटांत गाणं संपतं आणि लगेच हुबेहूब तसंच दुसरं सुरू होतं. त्यात चढउतार नाही, श्वास घ्यायला जागा नाही. याउलट ‘नाच रे मोरा’ घ्या. ते १९५३ च्या ‘देवबाप्पा’ सिनेमातलं गाणं. शब्द गदिमांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची, आवाज आशा भोसले यांचा. मोठ्या माणसांनी मोठ्यांच्याही कानाचा विचार करून केलेलं हे काम आहे, म्हणून ते चौथ्यांदा लागलं तरी सहन होतं.

पण खरं कारण गाण्याच्या दर्जात नाही. रेकॉर्ड केलेलं गाणं दर वेळी तंतोतंत तेच असतं. आपल्याला त्यात करण्यासारखं काही उरत नाही, नुसतं सोसायचं असतं. तेच गाणं गाडीत तोंडाने म्हटलं आणि दर कडव्याला एखादा शब्द बदलत गेला, तर पुढे काय येणार याकडे आपलंही लक्ष लागतं. आमच्या घरात आता साधा नियम आहे : प्रवासात मुख्य गाणी तोंडाने म्हणायची, आणि तीही ज्यांना शेपूट जोडत जाता येतं अशी. स्पीकर फक्त मधल्या विश्रांतीसाठी.

शेपूट जोडता येईल अशी गाणी कुठून आणायची? आम्हाला तर दोन-चार बडबडगीतंच येतात.

भोंडल्यातून! हादग्याची-भोंडल्याची गाणी नवरात्रात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून म्हणायची असतात, तेव्हा ती लांबवता येणं हा त्यांचा गुणच आहे. खिरापती ओळखायची वेळ येईपर्यंत फेर चालला पाहिजे. गाडीतही आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

आमच्याकडे दोन गाण्यांवर सगळा प्रवास तरतो. पहिलं ‘श्रीकांता कमलकांता, असं कसं झालं’. त्यातल्या वेड्याच्या बायकोने लाडू केलेले असतात. तिकडून वेडा येतो, डोकावून बघतो आणि चेंडू चेंडू म्हणून खेळायला घेतो. पुढच्या कडव्यात करंज्या केलेल्या असतात, त्या तो होड्या म्हणून पाण्यात सोडतो. शब्द गावागावांत थोडे बदलतात, तुमच्या आजीकडे जसे असतील तसे घ्या. साचा मात्र कायम आहे : एक पदार्थ, त्याचा आकार, त्यावरून वेड्याचा झालेला घोटाळा. हा साचा मुलांना कळला की पुढची कडवी तेच रचतात.

आमच्या गाडीत वेड्याच्या जागी बाबा आला. (‘वेडा’ हा शब्द मुलांनी इतरांना चिडवायला वापरू नये असं मला वाटत होतं. शिवाय बाबा गाडी चालवत असल्यामुळे उलट उत्तर देऊ शकत नाही.) मुलीचं पहिलं कडवं असं होतं :

आईने केल्या होत्या चकल्या,
तिकडून आला बाबा, त्याने डोकावून पाहिल्या,
टायर टायर म्हणून त्याने गाडीला लावल्या!

मग इडल्या आल्या, त्या उशा म्हणून डोक्याखाली घेतल्या. शेवया आल्या, त्या लेस म्हणून बुटाला बांधल्या. आंबोळीने रुमाल म्हणून तोंड पुसलं. तीन वर्षांच्या मुलाने ‘पोळी’ सुचवली आणि पुढे काय विचारल्यावर म्हणाला, ‘पोळी म्हणून खाल्ली.’ त्यावर आम्ही चौघंही इतके हसलो की ते कडवं आता कायमचं शेवटचं कडवं झालं आहे. बाबा शहाणा झाला की गाणं संपतं. गाणं थांबवायचं असेल तेव्हा आम्हा मोठ्यांपैकी कोणीतरी हळूच पोळी काढतं.

एक गोष्ट ठरवून न करताच घडते. लाडू ‘केले’, चकल्या ‘केल्या’, थालीपीठ ‘केलं’ हे बदलत जावं लागतं आणि लहानगा चुकला की ताई दुरुस्त करते. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या, किंवा परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांची लिंगाची गडबड इथे फारशी कटकट न होता सुधारते. आमच्या नात्यातल्या एका घरी, न्यू जर्सीत, पदार्थ पिझ्झा आणि नूडल्स झाले आहेत. साचा तोच, आणि पिझ्झा ‘केला’ की ‘केलं’ यावरून तिकडेही तेवढेच वाद होतात.

आणि दुसरं गाणं?

त्यासाठी आधी पुढचा प्रश्न घ्यायला हवा, कारण उत्तर एकच आहे.

‘कधी येणार? पोचलो का?’ हे दर पाच मिनिटांनी विचारतात. त्यावर काही गाणं आहे का?

आहे, आणि त्यातली सूनही अगदी हेच विचारते आहे. ‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपुल्या माहेरा’ असं सासू म्हणते. सून वेल लावते आणि म्हणते, लावला हो सासूबाई, आता तरी धाडा ना! मग सासू म्हणते, त्याला फूल येऊ दे. फूल आलं की कारलं येऊ दे. कारलं आलं की भाजी कर. प्रत्येक वेळी सून काम करून तोच प्रश्न विचारते. माहेरी जायला मिळत नाही याचं दुःख आहे त्यात, पण चाल इतकी खेळकर आहे की लहान मुलांना फक्त पळवापळवीच ऐकू येते.

आम्ही वेलाच्या जागी रस्ता घातला. निघण्याआधी वाटेवरच्या आठ-दहा ठळक जागा मुलांना बोटांवर मोजून सांगायच्या. पुणे-रत्नागिरीसाठी आमची साखळी अशी : खेड शिवापूरचा टोलनाका, खंबाटकी घाट, आनेवाडीचा टोलनाका, साताऱ्याचा अजिंक्यतारा, तासवड्याचा टोलनाका, कराड, मलकापूर, आंबा घाट, साखरपा, हातखंबा आणि मग आजी. (हे शाहूवाडीचं मलकापूर. कराडला लागूनही एक मलकापूर आहे, आणि मुलीने तो बोर्ड वाचल्यापासून एका मलकापुराचे दोन हप्ते द्यावे लागतात.)

मोठे म्हणतात :

खंबाटकी येऊ दे गं बाळे, येऊ दे गं बाळे,
मग येईल आजीचं घर, आजीचं घर!

घाट सुरू झाला की मुलं ओरडतात :

खंबाटकी आला हो आई, आला हो आई,
आता तरी पोचू ना, पोचू ना!

यावर पुढच्या जागेचं नाव. बस, एवढंच. पण याने प्रश्नाचं स्वरूप बदलतं. ‘किती वेळ’ हे तीन वर्षांच्या मुलाला कळतच नाही. दीड तास म्हणजे काय, त्याला पाच मिनिटंही तेवढीच वाटतात. ‘आनेवाडीनंतर किल्ला’ हे मात्र कळतं. शिवाय ‘पोचलो का’ विचारलं की ‘गाण्यात विचार’ एवढं सांगता येतं, आणि गाण्यात विचारायचं तर आधी ठरलेली जागा यावी लागते.

चूक कुठे होते तेही सांगते. पहिल्यांदा आम्ही सगळी साखळी सुरुवातीलाच गाऊन टाकली, कात्रज ओलांडायच्या आत आजीच्या घरी पोचलो आणि पुढचे सात तास कोरडे गेले. एका जागेला एकच कडवं आणि तेही ती जागा दिसल्यावर. दुसरं म्हणजे दोन जागांमधलं अंतर साधारण पाऊण तासाच्या वर नको. कराड ते मलकापूर हा पट्टा आम्हाला लांब पडायचा, म्हणून मध्ये कोकरूड घातलं. अशा पट्ट्यांसाठी पूल, साखर कारखान्याची चिमणी, मोठा वड, काहीही चालतं.

आवाजाचं काय करायचं? गातात कुठले, किंचाळतात.

बंद गाडीत दोन मुलांचा आवाज काचांवरून परत येतो, त्यामुळे हा त्रास खोटा नाही. ‘हळू’ म्हणून उपयोग होत नाही. शब्द गाळायचा खेळ मात्र उपयोगी पडतो.

‘सांग सांग भोलानाथ’ हे बहुतेक मुलांना येतं. मंगेश पाडगावकरांचे शब्द, मीना खडीकरांची चाल. पहिल्या फेरीत ध्रुवपद नेहमीसारखं म्हणायचं. दुसऱ्या फेरीत ‘भोलानाथ’ म्हणायचं नाही, त्या जागी फक्त मांडीवर तीन थापा. तिसऱ्या फेरीत ‘सांग सांग’सुद्धा गाळायचं. चौथ्या फेरीत ओठ बंद, नुसता ठेका. शब्द चुकून बाहेर पडला तो आउट. म्हणजे गाणं जसं पुढे जातं तसं शांत होत जातं, आणि मुलं श्वास रोखून शांत राहायची धडपड करतात. सहा वर्षांच्या मुलीला हा खेळ पूर्ण जमतो. तीन वर्षांचा दुसऱ्या फेरीतच ‘भोलानाथ!’ असं ओरडतो आणि त्यालाच सगळ्यात मजा येते, तेव्हा त्याला आउट करू नका.

गाळायला सोपा शब्द निवडा : ठळक, पुन्हा पुन्हा येणारा आणि ठराविक जागी येणारा. कडव्यात मध्येच एकदा येणारा शब्द धरलात तर मोठेही गोंधळतात.

बाबांनी गाणं सुरू केलं की मुलं गातच नाहीत. आईने सुरू केलं की गातात. असं का?

पट्टी. पुरुष सवयीने काळी एक-दोनच्या आसपास, कधी त्याहून खाली सुरू करतात. लहान मुलांचा आवाज तिथे उतरत नाही. मग ती एक तर गप्प बसतात, नाही तर सूर सोडून ओरडतात, आणि आपण म्हणतो की मुलं बेसूर आहेत. बायकांची काळी चार-पाच मुलांना जवळची पडते. बाबांनाच गायचं असेल तर पहिली ओळ मुलीला म्हणू द्यावी आणि तिच्या सुराला धरून मागून यावं, आवाज वर जात नसेल तर सरळ एक सप्तक खालून.

आणखी एक गोष्ट पट्टीइतकीच महत्त्वाची : गाडी चालवणाऱ्याने पुढाकार घ्यायचा नाही. त्याने प्रतिसादाच्या ओळी म्हणाव्यात, तेही रस्ता मोकळा असेल तेव्हा. टाळ्या, हातवारे, मागे वळून बघणं त्याला मना आहे. ओव्हरटेक करताना किंवा पावसात तो मध्येच गप्प झाला तर ‘बाबा आउट’ म्हणायचं नाही, हेही मुलांना आधी सांगून ठेवा.

घाटात गाणी म्हणावीत का? आमच्या मुलीला गाडी लागते.

म्हणावीत, पण वेगळी. आमचा धडा आंबा घाटातलाच आहे. मान हलवायची, वाकून पायाला हात लावायचा, असलं अभिनयगीत मी हौसेने वळणावर सुरू केलं आणि तिसऱ्या वळणाला दहीभात बाहेर आला. दोष माझाच होता. गाडी लागते ती डोळे आणि कान यांचं जमत नसल्यामुळे. आतल्या कानाला गाडी वळल्याचं कळतं, डोळे मात्र समोरची सीट किंवा मोबाइल बघून ‘सगळं स्थिर आहे’ असं सांगतात. त्यात मानेला झटके दिले की गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी मोबाइल बंद आणि नजर बाहेर, लांबवर. गाणं असं हवं की ज्यासाठी बाहेर बघावंच लागेल. आम्ही ‘दिसलं दिसलं’ म्हणतो, कुठल्याही ओळखीच्या चालीवर : दिसलं दिसलं काय दिसलं, डोंगरावरती झाड दिसलं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने लांबची एक वस्तू सांगायची. लय संथ ठेवायची. मूल मध्येच गप्प झालं, जांभया देऊ लागलं, चेहरा पांढरा पडला, ओठ चाटू लागलं, तर गाणं तिथेच सोडा, काच खाली करा आणि जागा मिळताच गाडी बाजूला घ्या. उत्साहाने ‘अरे गा ना’ म्हणत बसलात तर पिशवी शोधायला वेळ मिळत नाही.

भेंड्या खेळता येतील का?

अक्षरांच्या भेंड्या सहाच्या आतल्या मुलांना जमत नाहीत. शेवटचं अक्षर पकडणं त्यांना अवघड जातं आणि चार गाण्यांत आपल्यावरच भेंडी चढवून आपणच गात बसतो. आम्ही विषयाच्या भेंड्या लावतो : ज्यात प्राणी आहे असं गाणं. मोर, ससा, माकड, बदक, मांजर, मराठी बालगीतांत प्राण्यांची काही कमी नाही. एखादी ओळ आली तरी चालेल. खाऊच्या भेंड्या मात्र जेवणाच्या थांब्याच्या अलीकडे लावू नका. ‘असावा सुंदर चॉकलेटचा बंगला’ निघालं की पुढच्या टपरीवर चॉकलेट घ्यावं लागतं.

सारखं ‘पुन्हा! पुन्हा!’ करतात. किती वेळा ऐकायचं?

दोन-तीन वर्षांच्या मुलाला पुढे काय येणार हे आधीच माहीत असण्यातच सुख असतं. हट्ट म्हणून त्याकडे बघू नका, तो त्यातून शब्द पक्के करत असतो. पण ते सुख आपल्याला नसतं, म्हणून आमच्यात तडजोड आहे : एक गाणं सलग तीनदा, आणि तिन्ही वेळा वेगळं. एकदा साधं, एकदा म्हाताऱ्या आजोबांच्या आवाजात, एकदा कुजबुजत. कुजबुज नेहमी शेवटी. उलट क्रमाने केलंत तर तिसरी फेरी आरडाओरड्यात संपते आणि पुढच्या गाण्याची सुरुवातच त्या पट्टीत होते.

मग स्पीकरवर काही लावायचंच नाही का?

लावायचं, आमचाही घसा बसतो. साधारण वीस-पंचवीस मिनिटं गायल्यावर तेवढाच वेळ आम्ही स्पीकरला देतो. यादी घरूनच उतरवून घ्या, घाटात रेंज जाते आणि नेमकं त्याच वेळी लाडकं गाणं अडकतं. आपोआप पुढचं लागण्याची सोय बंद ठेवा, नाही तर दोन गाण्यांनंतर कुठलं कर्कश गाणं येईल सांगता येत नाही. बहुतेक गाड्यांच्या साउंड सेटिंगमध्ये आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये वाटायची सोय असते. मुलांची गाणी मागे सरकवा आणि एकूण आवाज कमी करा. त्यांना पुरेसं ऐकू येतं, पुढे आपल्याला बोलता येतं. हा शोध आम्हाला लग्नाच्या आठव्या वर्षी लागला.

यादीत एक गाणं त्यांचं, एक आपलं. आपल्यातलीही काही मुलांना आवडतात, विशेषतः ठेक्याची. संदीप खरे-सलील कुलकर्णी यांचं ‘अग्गोबाई ढग्गोबाई’ दोन्ही यादींत बसतं, पावसाळ्यात तर हमखास. त्याच जोडीचं ‘दमलेल्या बाबाची कहाणी’ मात्र बाबा गाडी चालवत असताना लावू नका. रस्ता दिसला पाहिजे.

आजी-आजोबा सोबत असतील तर?

नामाचा गजर त्यांच्यावर सोपवा. विठ्ठल विठ्ठल अगदी संथ सुरू करून लय वाढवत न्यायची, जीभ अडखळेपर्यंत, आणि मग पुन्हा उतरवायची. दोन वर्षांचं मूलही यात सामील होतं, शब्द एकच असतो. उतरवणं विसरू नका, झोपेच्या वेळी तर नुसतं उतरवणंच करा. आमचा धाकटा साखरप्याच्या पुढे याच्यावरच झोपतो.

प्रवास संपला, मुलं झोपली, आणि माझ्या डोक्यात गाणं चालूच आहे.

बहुतेक वेळा डोक्यात एखादा अर्धाच तुकडा फिरत असतो, कारण पुढचे शब्द आपल्याला आठवत नसतात. ते शोधा आणि गाणं एकदा मनातल्या मनात शेवटपर्यंत म्हणा. शेवट नसलेल्या गाण्याचं अवघड असतं. चकल्यांचे टायर फिरत राहिले तर मी पोळी करून खाऊन टाकते. कारल्याच्या वेलाला मात्र आमच्यात शेवटचं कडवं सासूबाईंनीच दिलं आहे. गाडीचा आवाज ऐकून त्या पडवीत येतात आणि मुलांच्या आधी त्याच गातात : आजीचं घर आलं हो बाळे, आलं हो बाळे, आता तरी उतरा ना!